खर्च कुठे झाला, कशाने मोजला, कोणासाठी झाला: काजूच्या कारखान्यातलं कॉस्ट सेंटर, कॉस्ट युनिट आणि कॉस्ट ऑब्जेक्ट

वेंगुर्ले-कुडाळ पट्ट्यातला एक छोटा काजू कारखाना डोळ्यासमोर आणा. महिन्याला अडीच टन काजूगर तयार होतो. त्यातला दोन टन १० किलोच्या डब्यांत भरून मुंबईच्या मिठाईवाल्याला जातो आणि अर्धा टन पाव किलोच्या पाकिटांत भरून मालवण-तारकर्लीच्या दुकानांना. मालकाने महिन्याचा सगळा खर्च अडीच हजार किलोंनी भागला आणि त्यात डब्याची किंवा पाकिटाची किंमत मिळवली. डब्यातला काजू किलोला ६३४ रुपयांना पडला आणि पाकिटातला ६३८ ला. फरक चारच रुपयांचा. म्हणून त्याने पाकिटाच्या मालाला किलोमागे १५ रुपये जास्त भाव लावला आणि वरचे ११ रुपये सुटतात असं समजून पाकिटांची ऑर्डर वाढवत नेली. खरं तर प्रत्येक किलोमागे तो तितकाच, किंबहुना जास्तच, गमावत होता.

चूक भागाकारात नाही. खर्च कुठे गोळा करायचा, तो कशाने मोजायचा आणि शेवटी कोणाच्या नावावर टाकायचा, हे तीन वेगळे प्रश्न त्याने एकाच भागाकारात उरकले. याच तीन प्रश्नांची उत्तरं म्हणजे अनुक्रमे कॉस्ट सेंटर, कॉस्ट युनिट आणि कॉस्ट ऑब्जेक्ट. काही मराठी पुस्तकांत पहिल्या दोघांना परिव्यय केंद्र आणि परिव्यय एकक म्हटलेलं सापडतं. वर्गात आणि ऑफिसात मात्र इंग्रजीच नावं चालतात, म्हणून इथेही तीच ठेवू.

घरच्या बारशाचं जेवण घ्या. खर्च चुलीपाशी होतो, मोजतो आपण ताटामागे, आणि तो झाला बारशासाठी. चूल हे सेंटर, ताट हे युनिट, बारसं हे ऑब्जेक्ट. आता कारखान्यात जाऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

## आधी कारखाना समजून घेऊ

काजूची बी शेतकऱ्याकडून मार्च ते मे या काळात विकत घेतली जाते, उन्हात वाळवून पोत्यांत साठवली जाते आणि पुढे वर्षभर लागेल तशी वापरली जाते. बी आधी वाफेवर उकडतात. मग ती थंड होऊ देतात आणि हात-पायाने चालणाऱ्या कटरवर एकेक फोडतात. टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावतात, नाहीतर मोजे घालतात. निघालेला गर ड्रायरमध्ये साधारण ६०-७० अंशांवर सहा-आठ तास सुकवतात. त्याने वरची तांबूस साल सुटते आणि ती सोलता येते. त्यानंतर प्रतवारी होते. अख्खा गर, पाकळी आणि तुकडा वेगळे करतात आणि अख्ख्या गराचीही आकारावरून विभागणी होते. डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे एका पाउंडात ३०० ते ३२० अख्खे गर. शेवटी पॅकिंग.

उदाहरणासाठी गोल आकडे घेऊ. हा बाजारभाव नव्हे, हिशेबाची सोय आहे. महिन्यात १०,००० किलो बी वापरली, १२० रुपये किलोने १२ लाख रुपये. त्यातून २,५०० किलो गर आणि ७,००० किलो टरफल निघालं, उरलेलं साल आणि ओलावा यांत गेलं. टरफलाला तेलवाले १० रुपये किलो देतात, म्हणजे ७०,००० रुपये. ते बीच्या किमतीतून वजा केले की मालाचा खर्च ११,३०,००० उरतो. महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी अर्धवट माल शिल्लक नाही, असंही धरू.

## कॉस्ट सेंटर: खर्च गोळा करायची जागा

कारखान्यातली अशी कोणतीही जागा, यंत्र, काम किंवा माणसांचा गट, जिच्या नावावर खर्च वेगळा जमा करायचं आपण ठरवतो, ते कॉस्ट सेंटर. इथे चार सेंटर पुरेत: बॉयलर, उकडणी-फोडणी, ड्रायर-सोलणी आणि प्रतवारी-पॅकिंग.

विद्यार्थी इथे पहिला प्रश्न विचारतात: म्हणजे प्रत्येक विभाग हे एक सेंटर का? तसं असेलच असं नाही. उकडणी आणि फोडणी ही कामं वेगळी आहेत, पण त्यांचं मोजमाप एकच आहे, किती किलो बी झाली ते. जबाबदारीही एकाच मुकादमाकडे आहे, म्हणून त्यांचं एक सेंटर केलं. उलट एकाच खोलीत दोन ड्रायर असतील, एक वाफेचा आणि एक विजेचा, तर त्यांची दोन सेंटर करण्यात अर्थ आहे, कारण त्यांचा खर्च वेगळ्या कारणांनी वाढतो. भिंत कुठे आहे याला महत्त्व नाही. खर्च एकाच कारणाने हलतो का आणि त्याचा जाब एकाच माणसाला विचारता येतो का, एवढं पाहायचं.

आता खर्च सेंटरवर कसा येतो ते पाहू. काही खर्चाला वाटपाची गरजच नसते. बॉयलर चालवणाऱ्याचा १८,००० पगार सरळ बॉयलरच्या नावावर जातो. बी फोडायची मजुरी किलोवर ठरलेली आहे. १४ रुपयांनी १०,००० किलोचे १,४०,००० रुपये सरळ फोडणीवर. पण शेडचं भाडं ३०,००० आहे आणि ते सगळ्यांचं मिळून आहे. ते जागेच्या प्रमाणात वाटू. एकूण ३,००० चौरस फूट, म्हणजे फुटाला १० रुपये. बॉयलरची जागा ३०० फूट, त्याला ३,०००. फोडणीची १,००० फूट, तिला १०,०००. विजेसाठी प्रत्येक सेंटरला छोटा सबमीटर बसवला तर वाटपाची कटकटच संपते. मीटरची किंमत एकदाच द्यावी लागते, अंदाजाने केलेल्या वाटपाची दर महिन्याला.

बॉयलरच्या खर्चात एक गोष्ट हमखास सुटते. जळण म्हणून कारखाना स्वतःचंच २,००० किलो टरफल जाळतो, आणि पुष्कळ ठिकाणी ते फुकट धरतात. पण तेच टरफल तेलवाल्याला विकलं असतं तर २०,००० रुपये आले असते. म्हणून ७,००० किलो टरफलाची पूर्ण किंमत मालाच्या खर्चातून वजा करायची आणि जाळलेल्या २,००० किलोचे २०,००० बॉयलरवर टाकायचे. असं केलं नाही तर बॉयलर स्वस्त दिसतो, आणि विजेचा ड्रायर घ्यावा की नाही याचा हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो.

बॉयलरचा महिना असा झाला: पगार १८,०००, भाडं ३,०००, टरफल २०,०००, पाणी-वीज-दुरुस्ती ९,०००. एकूण ५०,००० रुपये.

## बॉयलरमधून काजू निघत नाही, मग त्याचा खर्च जातो कुठे?

ज्या सेंटरमध्ये प्रत्यक्ष मालावर काम होतं ती उत्पादन सेंटर, आणि जी त्यांना सेवा पुरवतात ती सेवा सेंटर. बॉयलर सेवा सेंटर आहे. त्याचा खर्च वाफ वापरणाऱ्यांवर जायला हवा.

वाफेचा मीटर असेल तर किलोने वाटावं. छोट्या कारखान्यात तो बहुधा नसतो. मग कुठला व्हॉल्व्ह किती तास उघडा होता याची वही ठेवतात. समजा २५ दिवसांत उकडणीला रोज २ तास आणि ड्रायरला ६ तास वाफ गेली, म्हणजे ५० आणि १५० तास. ५०,००० भागिले २०० तास, तासाला २५० रुपये. उकडणीवर १२,५०० आले आणि ड्रायरवर ३७,५००. या पद्धतीत एक उणीव आहे. उकडताना वाफ जोरात ओढली जाते आणि ड्रायरला ती हळूहळू लागते, म्हणून तासांच्या हिशेबात ड्रायरवर थोडा जादा भार पडतो. तरी दोघांना अर्धा-अर्धा देण्यापेक्षा हे बरं.

सगळं वाटून झाल्यावर तीन उत्पादन सेंटरचे आकडे असे दिसतात:

| सेंटर | स्वतःचा खर्च | बॉयलरकडून | एकूण |
|---|---|---|---|
| उकडणी-फोडणी | १,८७,५०० | १२,५०० | २,००,००० |
| ड्रायर-सोलणी | १,१२,५०० | ३७,५०० | १,५०,००० |
| प्रतवारी-पॅकिंग | ७५,००० | – | ७५,००० |

एकूण ४,२५,०००. डब्याची आणि पाकिटाची किंमत यात धरलेली नाही. ती ज्या मालाला लागते त्यावर सरळ टाकता येते, म्हणून बाजूला ठेवली आहे.

## कॉस्ट युनिट: कशाने मोजायचं?

सेंटरवर दोन लाख जमले, पण तेवढ्यावरून ते जास्त की कमी हे कळत नाही. ते कशाच्या तरी मापाने भागावे लागतात. ते माप म्हणजे कॉस्ट युनिट. एसटीसाठी ते प्रवासी-किलोमीटर असतं, विटांच्या भट्टीसाठी हजार विटा, वीजकेंद्रासाठी किलोवॅट-तास.

पूर्ण कारखान्याचं युनिट कोणतं, तर एक किलो गर. पण प्रत्येक सेंटरला तेच माप लावायला हवं असं नाही. फोडणीचं काम बीच्या वजनावर ठरतं, म्हणून तिथे एक किलो बी: २,००,००० भागिले १०,०००, किलोला २० रुपये. सोलणीत गर हाताळला जातो, म्हणून तिथे एक किलो गर: १,५०,००० भागिले २,५००, म्हणजे ६० रुपये. बॉयलरला वाफेचा तास.

युनिट निवडताना एकच कसोटी लावायची: हे माप दुप्पट झालं तर त्या जागेचं कामही साधारण दुप्पट होतं का? फोडणीत होतं. बी दुप्पट, फोडणी दुप्पट.

मात्र फोडणीचं हे युनिट एक गोष्ट झाकून ठेवतं. पुढच्या महिन्यात बी नीट वाळलेली नसेल किंवा उकडणी कमी-जास्त झाली असेल, तर उतारा घटतो. समजा २,५०० ऐवजी २,४०० किलोच गर मिळाला. किलो बीमागे फोडणीचा खर्च २० रुपयेच राहील आणि मुकादम म्हणेल, आमचं काम चोख आहे. इकडे किलो गरामागे मालाचा खर्च ४५२ वरून जवळजवळ ४७१ झालेला असतो, फोडणीचा ८० वरून ८३ च्या वर गेलेला असतो. म्हणून या सेंटरच्या कागदावर २० रुपयांच्या शेजारी उताऱ्याची टक्केवारीही लिहिलेली हवी.

आता पॅकिंग. मालकाने तिथेही किलोनेच भागलं: ७५,००० भागिले २,५००, किलोला ३० रुपये. कसोटी लावून बघा. दहा किलोचा एक डबा भरायला १५ मिनिटं लागतात. तेवढ्याच मालाची पाव किलोची ४० पाकिटं होतात, आणि वजन, भरणं, सील, लेबल, खोक्यात मांडणं धरून एका पाकिटाला ३ मिनिटं, म्हणजे दोन तास. किलो तेच, काम आठपट. किलो हे माप इथे नापास. इथे माणसाचा तास घ्यायला हवा.

## कॉस्ट ऑब्जेक्ट: हे सगळं कोणासाठी?

ज्याचा खर्च आपल्याला शेवटी जाणून घ्यायचा आहे ते कॉस्ट ऑब्जेक्ट. इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या सीएएस-१ या मानकात ही कल्पना बरीच ऐसपैस आहे. वस्तू, सेवा, काम, प्रकल्प, ग्राहक, एवढंच काय, खुद्द कॉस्ट सेंटरसुद्धा ऑब्जेक्ट होऊ शकतं. आपल्या मालकाचा प्रश्न होता, मिठाईवाल्याची ऑर्डर आणि पाकिटांची ऑर्डर केवढ्याला पडते? म्हणजे त्या दोन ऑर्डरी हीच ऑब्जेक्ट.

पॅकिंग सेंटरमध्ये महिन्यात ५०० तास काम झालं. ७५,००० भागिले ५००, तासाला १५० रुपये. या ५०० पैकी ३५० तास प्रतवारीत गेले आणि ती सगळ्या गरावर सारखीच होते. ३५० गुणिले १५० म्हणजे ५२,५००, किलोला २१ रुपये. २०० डब्यांना ५० तास, ७,५०० रुपये, म्हणजे किलोला ३.७५. दोन हजार पाकिटांना १०० तास, १५,००० रुपये, म्हणजे किलोला ३०.

एक डबा १२० रुपयांचा आणि एक पाकीट ४ रुपयांचं धरू. मग एका किलोचा हिशेब असा:

| | डबा | पाकीट |
|---|---|---|
| माल | ४५२ | ४५२ |
| उकडणी-फोडणी | ८० | ८० |
| ड्रायर-सोलणी | ६० | ६० |
| प्रतवारी-पॅकिंग | २४.७५ | ५१ |
| डबा / पाकीट | १२ | १६ |
| एकूण | ६२८.७५ | ६५९ |

फोडणीचे ८० कुठून आले? एक किलो गराला ४ किलो बी लागते, ४ गुणिले २०. सेंटरचं युनिट आणि ऑब्जेक्टचं माप वेगळं असलं की मध्ये असा एक बदल करावा लागतो, आणि परीक्षेतली निम्मी चुकलेली उत्तरं इथेच घसरतात.

खरा फरक चार रुपयांचा नाही, सव्वातीस रुपयांचा आहे. पाकिटाला १५ रुपये जादा भाव घेऊन मालक डब्याच्या तुलनेत किलोमागे सव्वापंधरा रुपये सोडत होता. एकूण खर्च दोन्ही पद्धतींत अगदी तेवढाच आहे. पाकिटांवर पडायला हवे होते ते १०,५०० रुपये गुपचूप डब्यांवर बसले होते, एवढंच. ताळेबंदात हे कधीच दिसत नाही. दिसतं ते तेव्हा, जेव्हा मिठाईवाला महाग म्हणून दुसरीकडे जातो आणि पाकिटांची मागणी वाढतच राहते.

## युनिट आणि ऑब्जेक्ट शेवटी एकच नाही का?

कधी कधी असतात. कारखान्यात एकाच प्रकारचा माल एकाच पॅकिंगमध्ये निघत असता, तर ‘एक किलो काजू’ हे मापही झालं असतं आणि उत्तरही. पुस्तकातली उदाहरणं बहुतेक अशीच असतात, म्हणून गोंधळ होतो. वेगळेपण दिसायला प्रश्न बदलून पाहा. ‘तारकर्लीचं दुकान आपल्याला परवडतं का?’ इथे ऑब्जेक्ट ते दुकान आहे. त्याचा खर्च काढायला पाकिटं, टेम्पोच्या फेऱ्या, उधारीचे दिवस अशी निरनिराळी युनिटं लागतील. ‘बॉयलर बंद करून विजेचा ड्रायर घ्यावा का?’ या प्रश्नात तर सकाळपर्यंत सेंटर असलेला बॉयलर ऑब्जेक्ट होऊन बसतो. सेंटर आणि युनिट एकदा ठरली की वर्षभर तशीच ठेवतात, नाहीतर महिन्यांची तुलना होत नाही. ऑब्जेक्ट मात्र प्रश्नागणिक बदलतं.

## एवढ्याशा कारखान्याला हे झेपेल का?

चार सेंटर झेपतात. दहा झेपणार नाहीत. कोणत्या तासाला कोण काय करत होतं याची नोंद मुकादमालाच ठेवायची आहे, आणि सेंटर वाढली की तो संध्याकाळी आठवून आठवून आकडे भरू लागतो. आकडे खोटे पडायला लागले हे ओळखायची एक खूण आहे: प्रत्येक दिवसाची नोंद गोल आणि सारखीच दिसते. या कारखान्याला खरोखर लागतात त्या चारच नोंदी: बी किती आत गेली, गर किती निघाला, व्हॉल्व्हचे तास आणि पॅकिंगचे तास. एका वहीत मावतात.

## आणि तुकड्याचं काय?

वरच्या सगळ्या हिशेबात अख्खा गर आणि तुकडा यांची सरासरी धरली, जणू दोन्ही ऑर्डरींत सारखंच मिश्रण गेलं. पण ‘तुकडा केवढ्याला पडतो?’ असं कोणी विचारलं तर? एकाच बीतून एकाच फोडणीत दोन्ही निघतात, त्यामुळे सोलणीपर्यंतच्या १४,८०,००० रुपयांतला कोणता रुपया तुकड्याचा, हे कोणतंही सेंटर सांगू शकत नाही. अशा वेळी विक्रीच्या किमतीच्या प्रमाणात वाटतात. समजा १,७५० किलो अख्खा गर ८०० रुपयांनी गेला, १४ लाख. ७५० किलो तुकडा ६०० रुपयांनी गेला, साडेचार लाख. एकूण विक्री १८,५०,०००. खर्च तिच्या ८० टक्के. मग अख्खा गर किलोला ६४० आणि तुकडा ४८० ला पडला. सरळ सरासरी काढली असती तर दोघेही ५९२ ला दिसले असते, आणि प्रतवारी, पॅकिंग, डबा यांचे ३६.७५ मिळवल्यावर ६०० चा तुकडा तोट्यातला वाटला असता.

हे ४८० रुपये गोदामातल्या साठ्याची किंमत मांडायला चालतात. तुकडा विकावा की नाही हे ठरवायला ते वापरू नका, कारण अख्खा गर काढायचा तर तुकडा निघणारच. तिथे एवढंच बघायचं की वेगळा झाल्यावर त्यावर ३६.७५ खर्च करून ६०० हातात येतात.